धागा: निगेटिव्ह स्कॅन केल्यावर काळ्या पट्ट्या आणि भोकांची कड कुठवर कापायची? रात्रीच्या फोटोत खरी चौकट सापडत नाहीये

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:४२

बाबांच्या कपाटात ३५ एमएमच्या निगेटिव्हचे एकवीस रोल निघाले. बहुतेक कृष्णधवल आहेत, १९७६ ते १९८५ मधले. स्टुडिओने चार-चार चौकटींच्या पट्ट्या कापून बटर पेपरच्या पाकिटांत घालून दिलेल्या आहेत आणि पाकिटांवर बाबांच्या अक्षरात तारखा आहेत. मी घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयने स्कॅन करतेय. स्कॅनरबरोबर आलेल्या होल्डरची खिडकी मला लहान वाटली, चौकटीची कड त्याखाली जात होती. म्हणून होल्डर काढला, पट्टी थेट काचेवर ठेवली आणि वरून एक पातळ काच दाबली. आता पूर्ण पट्टी दिसते, भोकांसकट.

अडचण इथूनच सुरू झाली. निगेटिव्ह उलटून पॉझिटिव्ह केलं की दोन चौकटींमधली जागा काळी येते, वरखाली भोकांच्या रांगा येतात, मध्येच कडेवरची अक्षरं आणि आकडे पांढरे चमकतात. हे सगळं काढून फक्त फोटो ठेवायचाय. दिवसाच्या फोटोंचं मी हाताने करतेय, जमतं. पण चौकट नंबर १७ वर अडकलेय. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गावच्या खंडोबाच्या देवळातली पेटवलेली दीपमाळ आहे. मधे पणत्या, बाकी सगळा काळोख. आभाळ काळं आणि चौकटींमधली पट्टीही काळी. कुठे फोटो संपतो आणि कुठे नुसती फिल्म सुरू होते, तेच कळत नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचं आपोआप कापणं चालू केलं तर ते दीपमाळेला चिकटून कापतं, जवळजवळ उभा अर्धा फोटो जातो.

बाबा फ्रेम लावताना फार विचार करायचे. त्यांनी जेवढं पाहिलं तेवढं सगळं ठेवायचंय, आणि त्याबाहेरचं काही नको. कोणी केलंय का असं?

---

पायथॉनपंत | शनिवार, रात्री ११:१०

हे हाताने करू नका, एकवीस रोल म्हणजे सातशेच्या वर चौकटी होतील. ImageMagick घ्या आणि एक ओळ:

```
magick chaukat.tif -fuzz 12% -trim +repage out.tif
```

कडेचा सारखा रंग जिथवर जातो तिथवर हे कापून टाकतं. `-fuzz` कमीजास्त करून बघा. `+repage` विसरू नका, नाहीतर TIFF मध्ये जुन्या कॅनव्हासचं माप तसंच चिकटून राहतं आणि काही प्रोग्राम मोकळी जागा दाखवत बसतात.

---

रानपाखरू | शनिवार, रात्री ११:३१

आमच्याकडच्या निगेटिव्हवरही असे काळे डाग आलेत, कडेकडेने जाळीसारखे. ती बुरशी आहे. सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा, वाढ थांबते.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:५०

@रानपाखरू, डाग नाहीत हो, निगेटिव्ह स्वच्छ आहेत. फोटोभोवतीच्या मोकळ्या फिल्मबद्दल विचारतेय. पण सिलिका जेलचं लक्षात ठेवते, पाकिटं दमट लागत होती.

@पायथॉनपंत, करून पाहिलं. चौकट १६ वर १२ टक्क्यांनी काहीच कापलं गेलं नाही. ४० टक्क्यांवर नेलं तर १६ जवळपास बरोबर आली, पण १७ चं आभाळ सगळं गेलं.

---

अंधारखोली | रविवार, सकाळी ७:१५

ताई, मी सांगलीला एका स्टुडिओत एकतीस वर्षं डार्करूममध्ये काढली. संगणकाचं मला बेताचंच येतं, पण फिल्मच्या कडेचं सांगू शकतो.

आधी एक गोष्ट. तुम्ही सगळ्याला ‘काळं’ म्हणताय, पण त्या स्कॅनमध्ये दोन निरनिराळी काळी आहेत. निगेटिव्ह उलटायच्या आधी जशी दिसते तशी डोळ्यांसमोर आणा. भोक म्हणजे तिथे फिल्मच नाही, स्कॅनरचा दिवा सरळ आरपार येतो, ते सगळ्यांत उजळ. दोन चौकटींमधली जागा म्हणजे फिल्म आहे पण तिच्यावर उजेड पडला नाही, म्हणून ती जवळजवळ पारदर्शक. जवळजवळ म्हणतो, कारण फिल्मच्या पायाला स्वतःचा थोडा करडेपणा असतोच. ती भोकापेक्षा जराशी मंद. आणि कडेवरची अक्षरं कारखान्यातच उजेड देऊन छापलेली असतात, ती निगेटिव्हवर गडद. आता हे उलटा. भोक सगळ्यांत काळं, मधली पट्टी त्याहून किंचित कमी काळी, अक्षरं पांढरी. होल्डर लावलात तर त्याचं प्लास्टिक उजेड अडवतं, ते उलटल्यावर पांढरंशुभ्र येतं.

म्हणून पंतांची ओळ अडखळली. ती कोपऱ्यापासून एक रंग धरून आत चालते. कोपऱ्यात एक काळं, पुढे दुसरं काळं, मध्येच पांढरे आकडे. थोडी सूट दिली की पहिल्याच आकड्याशी थांबते, जास्त दिली की आभाळ गिळते.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. उलटायच्या आधी कापू नका आणि मोजायच्या आधी तर अजिबात कापू नका. तुम्ही जी कड फेकायला निघालात तिच्यात दोन कामाच्या गोष्टी आहेत. एक, मधली पट्टी म्हणजे त्या रोलचं शून्य. उजेड लागला नाही तर फिल्म केवढी दिसते, ते तीच सांगते. ती मोजून ठेवली की फोटोतला काळा किती काळा करायचा ते ठरतं. आणि दुसरी, ती भोकं म्हणजे मोजपट्टी आहे. त्यावर संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता दुकान उघडायचंय.

---

न्यूजर्सीकर | रविवार, सकाळी ८:०५

काकांशी शंभर टक्के सहमत. मी कॅमेरा उलटा टांगून लाइट पॅनलवर निगेटिव्ह शूट करतो. रंगीत निगेटिव्हला तर ती मधली पट्टी लागतेच, कारण नारिंगी मास्कचा रंग तिथून उचलावा लागतो. डार्कटेबलच्या negadoctor मध्ये फिल्मच्या पायाचा रंग मी मोकळ्या पट्टीवरून घेतो आणि बाकीची मापं मात्र चौकटीच्या आतून. एकदा चुकून भोक आत राहिलं होतं, तर सगळा फोटो धुरकट आला. भोकाचा उजेड हा प्रोग्रामच्या लेखी फोटोतला सर्वांत काळा बिंदू ठरतो, मग खरा काळा रंग करडा होऊन बसतो.

---

पायथॉनपंत | रविवार, सकाळी ९:४०

काकांचं वाचून रात्रीची ओळ मागे घेतो. पण कल्पना सोडत नाही. उलटायच्या आधीच्या स्कॅनवर प्रत्येक उभ्या रांगेची सरासरी काढली, तर मधल्या पट्टीची सरासरी सगळ्यांत उजळ यायला हवी. तिथे कापायचं. बरोबर ना?

---

अंधारखोली | रविवार, दुपारी १:२०

जेवायला आलोय, तेवढ्यात लिहितो. अर्धं बरोबर आहे. सरासरी घेऊ नका. १७ नंबरमध्ये उभ्या रांगेत एकच पणती असेल आणि बाकी काळोख, तर सरासरी जवळजवळ मोकळ्या फिल्मइतकीच येणार. पणतीचा एवढासा गडद ठिपका सरासरीत विरघळून जातो.

उलटं विचारा. मोकळी पट्टी ओळखायची खूण ही, की त्या रांगेत कुठेही गडद काही नाही. तेव्हा प्रत्येक रांगेतला सगळ्यांत गडद भाग बघा. तोही फिल्मच्या पायाइतका उजळ असेल, तरच ती पट्टी. फक्त अगदी शेवटचा गडद बिंदू धरू नका, धुळीचा कण निगेटिव्हवर गडदच दिसतो आणि तो फसवेल.

---

पायथॉनपंत | रविवार, दुपारी ३:०२

हे सुंदर आहे. म्हणजे सरासरीऐवजी पाचवा पर्सेंटाइल. कृष्णाकाठ, तुमची पट्टी १६-बिट ग्रेस्केल आहे असं धरून:

```python
import numpy as np, tifffile
a = tifffile.imread("patti3.tif").astype(float)
p = np.percentile(a[700:2800, :], 5, axis=0)
base = 41000   # मोकळ्या पट्टीवर कर्सर ठेवून वाचलेला आकडा
mokli = p > 0.95 * base
```

७०० ते २८०० या आडव्या ओळी अशा घेतल्यात की वरखालची भोकं त्यात येणार नाहीत. `mokli` जिथे सलग खरी येईल ती मधली जागा. तुमचा `base` किती येतो?

---

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:३०

आता स्कॅनरमध्ये ‘पॉझिटिव्ह फिल्म’ निवडून, सगळ्या आपोआप सुधारणा बंद करून, न उलटता १६-बिट स्कॅन केलं. मोकळ्या पट्टीवर ४०,८०० ते ४१,३०० च्या मध्ये येतंय, म्हणून ४१,००० च ठेवलं. भोकात ६५,५३५, म्हणजे आकडा संपला.

चौकट १६ च्या दोन्ही कडा झटकन सापडल्या. डावी २१२ पिक्सेलवर, उजवी ३६०७ वर. १८ ची डावी कड ७३९० वर. पण १६ च्या उजव्या कडेपासून पुढे मोकळी जागा म्हणून जवळजवळ नऊशे पिक्सेल दाखवतंय. एवढी जागा दोन चौकटींमध्ये असूच शकत नाही. आणि १७ ची उजवी बाजूही तशीच, साडेसातशे पिक्सेल मोकळी. म्हणजे आभाळ अजूनही पट्टीत मोजलं जातंय.

---

पायथॉनपंत | रविवार, संध्याकाळी ५:५२

०.९५ ऐवजी ०.९८ करून बघा. पण खरं सांगायचं तर, आभाळाला उजेडच लागला नसेल तर आकड्यांतून ते वेगळं निघणार नाही. जिथे माहितीच नाही तिथे प्रोग्राम काय करणार. सरळ ३:२ प्रमाणाचा चौकोन धरा आणि दीपमाळ मध्यावर ठेवा?

---

अंधारखोली | रविवार, रात्री ९:०५

दीपमाळ मध्यावर कशावरून? बाबांनी ती बाजूला ठेवली असेल. ताईंना नेमकं तेच तर हवंय.

आता मोजपट्टीचं. ३५ एमएम फिल्मवर एका भोकाच्या कडेपासून पुढच्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे ४.७५. कॅमेऱ्यात दातेरी चाक असतं, ते एका फोटोला बरोबर आठ भोकं पुढे नेतं. आठ गुणिले ४.७५ म्हणजे ३८ मिलिमीटर. चौकट ३६ ची, उरले दोन. ती तुमची मधली पट्टी. रोल भरताना पहिली चौकट भोकांच्या मानाने कुठेही पडू शकते, कधी भोकाच्या बरोबर खाली, कधी दोन भोकांच्या मध्ये. पण एकदा रोल चालू झाला की त्या रोलमधली प्रत्येक चौकट भोकांच्या मानाने त्याच जागी सुरू होते. १६ ची डावी कड एखाद्या भोकाच्या मध्यावर असेल, तर त्यापुढच्या आठव्या भोकाच्या मध्यावर १७ ची डावी कड. तिथे फोटोत काळोख असो की ऊन, भोकाला त्याचं काही नाही.

फक्त ४.७५ हा कागदावरचा आकडा आहे. फिल्म चाळीस-पन्नास वर्षांत थोडी आखडते, स्कॅनरही दोन्ही दिशांना तंतोतंत मोजत नाही. म्हणून तुमच्याच पट्टीवरची सोळा भोकं मोजा आणि अर्धं करा.

आणि त्याआधी पट्टी सरळ करा. फिल्मची वरची कड डावीकडे किती उंचीवर आहे आणि उजव्या टोकाला किती, ते बघा.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ६:२०

रात्री झोप लागेना म्हणून पहाटे बसले. जसं केलं तसं लिहिते, म्हणजे चुकलं असेल तर सांगाल.

तिरपेपणाचं काम शनिवारीच केलं होतं, पण नव्या स्कॅनसाठी परत केलं. कड डावीकडे ९० वर, १४,००० पिक्सेल पुढे ११८ वर. म्हणजे २८ चा उतार, ०.११ अंश. दिसायला काहीच नाही, पण एका चौकटीच्या रुंदीत सात पिक्सेलचा फरक पडतो. `-rotate -0.11` केलं आणि मग सगळी मापं नव्याने घेतली. (वर दिलेली मापंही फिरवल्यानंतरचीच आहेत.)

१६ ची डावी कड २१२, १८ ची ७३९०. फरक ७१७८. २४०० डीपीआयला ७६ मिलिमीटर म्हणजे हिशोबाने ७१८१ यायला हवे होते, तीन पिक्सेल कमी आले. तेच १६ भोकं मोजून पाहिलं, तिथेही ७१७८! मग अर्धं, ३५८९. २१२ मध्ये मिळवले, ३८०१. हीच १७ ची डावी कड.

१६ ची रुंदी ३६०७ वजा २१२, ३३९५. म्हणजे या कॅमेऱ्याची खिडकी ३६ ला अगदी किंचित कमी. तीच रुंदी १७ ला लावली तर उजवी कड ७१९६. तिथून १८ पर्यंत १९४ पिक्सेल, आणि १६ ते १७ मध्येही १९४. जुळलं.

---

अंधारखोली | सोमवार, सकाळी ७:०५

शाब्बास. आता एक पडताळा घ्या. स्कॅन उलटू नका, लेव्हल्समध्ये काळा टोक ३६,००० वर आणा आणि पांढरा ४२,००० वर. म्हणजे फिल्मच्या पायाच्या आसपासचा तेवढाच भाग ताणून मोठा दिसेल. रात्रीचं आभाळ पूर्ण कोरं क्वचितच असतं. पणत्यांचा उजेड भिंगात विखुरतो आणि त्याची पातळ साय सगळ्या चौकटीवर पसरते. चौकटीच्या बाहेर ती नसते, कारण तिथे कॅमेऱ्याच्या खिडकीची कड आड येते. ३८०१ च्या आसपास एक पुसट उभी रेघ दिसते का बघा.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ७:४८

दिसली!! डावीकडे खालच्या अर्ध्यात, दीपमाळेच्या बाजूने. अगदी धूसर, जणू काचेवर कोणी श्वास सोडावा तशी आतली बाजू किंचित मंद आणि बाहेरची कोरी. ३८०० ते ३८०६ च्या मध्ये कुठेतरी. वरच्या कोपऱ्यात मात्र काहीच नाही, तिथे फक्त मोजमापावरच विश्वास.

---

ठिपका | सोमवार, सकाळी १०:१५

छान धागा. एक विचारू का? कापायचंच कशाला? कार्तिए-ब्रेसाँच्या प्रिंटांभोवती ती बारीक काळी रेघ असते, फोटो कापलेला नाही याची खूण म्हणून. मी माझ्या सगळ्या स्कॅनना चारी बाजूंनी थोडी काळी कड ठेवतो. खरी चौकट तीच.

---

अंधारखोली | सोमवार, दुपारी १:३०

ती रेघ आम्हीही काढायचो. एन्लार्जरच्या निगेटिव्ह कॅरियरची खिडकी २४ बाय ३६ ला जरा कमीच असते, ती कानशीने घासून मोठी करायची, मग चौकटीबाहेरची मोकळी फिल्म प्रिंटवर काळी उतरते. कारागिरीचं काम होतं, घासलेली कड खडबडीत राहिली तर प्रिंटवर ती तशीच दिसायची.

पण ब्रेसाँचाच पॅरिसच्या स्टेशनामागे पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२ चा, तो कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून घेतला होता आणि एका बाजूला कुंपण आलं होतं. तेव्हा रेघेचा नियम त्यालाही सगळीकडे पाळता आला नाही.

ताईंच्या कामात माझं मत असं: एक प्रत पूर्ण पट्टीची, भोकांसकट, न उलटलेली, तशीच जपून ठेवा. बघायची प्रत मात्र कडेच्या पाच-सहा पिक्सेल आत कापा. कॅमेऱ्याच्या खिडकीची कड फिल्मला अगदी टेकलेली नसते, त्यामुळे चौकटीची रेघ सुरीने कापल्यासारखी येत नाही, एक धूसर किनार असते. ती ठेवली तर एका बाजूला काळी रेघ आणि दुसरीला नाही, असं वेडंवाकडं दिसतं.

---

ठिपका | सोमवार, दुपारी २:१०

पटलं नाही पूर्ण. त्या धूसर किनारीत कॅमेऱ्याची ओळख असते. खिडकीचे कोपरे गोल असतात, एखाद्या कॅमेऱ्यात बारीक खाच असते. हॅसलब्लाडला तर डाव्या कडेला दोन खाचा मुद्दामच दिलेल्या. एकवीस रोलपैकी कुठले बाबांच्या कॅमेऱ्यातले आणि कुठले दुसऱ्या कोणाच्या, ते त्या किनारीवरून कळू शकतं.

---

अंधारखोली | सोमवार, दुपारी २:४०

हे मात्र अगदी खरं. म्हणून तर पूर्ण पट्टी जपा म्हणालो.

---

वसंतपाटणकर६८ | सोमवार, दुपारी ४:०५

माझ्याकडे वडिलांच्या क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह आहेत. मला भोकं कुठेच दिसत नाहीत, आणि चौकटींमधली जागा कधी बोटभर तर कधी नाहीच. वरचं आठ भोकांचं गणित लागू पडत नाही. फिल्म नकली होती का?

---

न्यूजर्सीकर | सोमवार, संध्याकाळी ५:२०

@वसंतपाटणकर६८, नकली नाही, ती १२० ची फिल्म. तिला भोकं नसतातच. क्लिक थ्रीच्या पाठीला लाल खिडकी होती, त्यातून मागच्या कागदावरचा आकडा बघत हाताने फिल्म पुढे न्यायची. आकडा खिडकीत जरा अलीकडे थांबला की अंतर कमी, पलीकडे गेला की जास्त. त्यामुळे तिथे एका चौकटीवरून दुसरीची जागा काढता येत नाही. रुंदी मात्र खिडकीचीच, म्हणून एक चांगली चौकट मोजून तेवढीच रुंदी बाकीच्यांना लावा आणि निदान एक कड डोळ्यांनी शोधा. चौकट साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर असते.

माझी एक शंका काकांना. माझ्या स्कॅनमध्ये चौकटीच्या वरच्या आणि खालच्या कडेला भोकांच्या समोरासमोर पट्टे येतात. कड सहा पिक्सेल आत कापून जात नाहीत, पाऊणएक मिलिमीटर आत शिरलेत. आणखी आत कापू का?

---

अंधारखोली | सोमवार, रात्री ९:३०

कापू नका, आधी पट्टे उजळ आहेत की गडद ते सांगा. पॉझिटिव्हमध्ये गडद असतील, तर स्कॅन करताना भोकांतून आलेला उजेड भिंगात पसरून चौकटीच्या कडेवर पडतोय. निगेटिव्हला जास्त उजेड म्हणजे पॉझिटिव्हला जास्त काळं. हा दोष फिल्मवर नाही. भोकांवर काळ्या कार्डाची पट्टी ठेवून परत फोटो घ्या, जातील.

पॉझिटिव्हमध्ये उजळ असतील, तर ते बहुधा धुतानाचं आहे. टाकी जोरात हलवली की डेव्हलपर भोकांतून फवाऱ्यासारखा घुसतो आणि त्यासमोरची जागा जास्त डेव्हलप होते. ते निगेटिव्हवरच आहे, कार्डाने जाणार नाही.

दोन्हीकडे कापणं हा उपाय नाही. एका मिलिमीटरसाठी चोवीसातले दोन जातील, वरचा एक आणि खालचा एक.

---

न्यूजर्सीकर | मंगळवार, पहाटे ४:५०

कार्ड लावून पाहिलं. गडद पट्टे पूर्ण गेले. पण एका रोलमध्ये उजळही आहेत आणि ते तसेच राहिले. म्हणजे माझ्याकडे दोन्ही आजार होते. कार्ड लावल्यावर मात्र फिल्मच्या पायाचा आकडा मोजायला मोकळी जागा कमी उरते, म्हणून आता दोन फोटो घेतो, एक कार्डाविना मोजायला, एक कार्डासकट ठेवायला.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:१५

शेवटी चौकट १७ कापली. वरची कड १६ वरून घेतली, ६१०. उंची २२६२. चारी बाजूंनी सहा पिक्सेल आत:

```
magick patti3_saral.tif -crop 3383x2250+3807+616 +repage chaukat17.tif
```

आणि मग उलटली. काळा बिंदू मोकळ्या पट्टीच्या ४१,००० वर ठेवला, काकांनी सांगितल्याप्रमाणे. आधी मी कापलेल्या फोटोवर आपोआप लेव्हल्स लावत होते, तेव्हा आभाळ करडं आणि दाणेदार यायचं. आता काळोख काळोखासारखा आहे आणि पणत्यांच्या भोवतीचं तेज वर वर जात विरतंय.

दीपमाळ मध्यावर नाहीये. ती डावीकडच्या एक-तृतीयांश भागात आहे. उजवीकडे एवढा काळोख बाबांनी का सोडला असेल म्हणून मी उजवी कड शंभर टक्क्यांवर मोठी करून बघत होते. अगदी कडेला, शेवटच्या दीडेकशे पिक्सेलमध्ये, कोणीतरी उभं आहे. चेहरा नाही दिसत. फेट्याची एक कड आणि कानाची पाळी, पणत्यांच्या उजेडाने जेमतेम उजळलेली. फेट्याचं टोक मागे सोडायची ती पद्धत आमच्या घरात फक्त आजोबांची. आईला दाखवलं, ती म्हणाली, देवळात तेल घालायचा मान त्यांचाच होता, ते तिथेच असणार.

घरच्या अल्बममध्ये या फोटोची प्रिंट आहे, साडेतीन बाय पाच इंची. तिच्यात हे नाही.

---

अंधारखोली | बुधवार, सकाळी ७:००

असणारच नाही. साडेतीन बाय पाचचं प्रमाण निगेटिव्हपेक्षा आखूड. उंची पूर्ण भरली की ३६ पैकी साधारण ३४.३ मिलिमीटरच कागदावर मावतात. पावणेदोन मिलिमीटर जातात, वर कागदाला कड सुटू नये म्हणून आम्ही थोडं मोठं करूनच छापायचो, त्यात आणखी थोडं. तुमचे दीडशे पिक्सेल म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. निगेटिव्ह कॅरियरमध्ये जराशी एका बाजूला सरकली असेल, तर सगळी काट उजवीकडूनच गेली.

अशा किती कडा मी स्वतः कापल्या असतील, त्याची आज आठवण झाली.

---

पायथॉनपंत | बुधवार, सकाळी ९:२५

कृष्णाकाठ, हे वाचून खूप बरं वाटलं. माझा ०.९५ चा उंबरठा तो फेटा मोकळी फिल्म म्हणून टाकून देत होता. स्क्रिप्ट बदलतोय: आधी पट्टीतल्या स्पष्ट चौकटींच्या कडा शोधायच्या, भोकांवरून अंतर काढायचं, आणि ज्या चौकटीची मोकळी जागा तीन मिलिमीटरपेक्षा रुंद येते, म्हणजे २४०० ला २८३ पिक्सेलच्या वर, तिथे आकड्यांवर विश्वास न ठेवता भोकांवरून जागा ठरवायची. झालं की इथे टाकतो.

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १२:४०

नक्की टाका. पण एक अडचण सांगून ठेवते. सातव्या रोलमध्ये तुमचं गणित बसणार नाही. १९८४ नंतर बाबांच्या कॅमेऱ्याचा खटका नीट अडकत नसावा. तिथे अंतर कधी १९४, कधी १२०, आणि चौकट २२ व २३ तर एकमेकींवर चढल्यात. मधे पट्टीच नाही. साधारण दीड मिलिमीटरचा भाग दोन्ही फोटोंचा आहे आणि पॉझिटिव्हमध्ये तो बाकीच्यापेक्षा उजळ दिसतो.

---

अंधारखोली | बुधवार, दुपारी १:१५

उजळ येणारच, त्या जागेला दोनदा उजेड लागला. तिथे भोकांची मोजपट्टी उपयोगाची नाही, चाक आठ भोकं फिरलंच नाही. २२ ची उजवी कड आणि २३ ची डावी कड, दोन्ही त्या उजळ पट्ट्याच्या दोन टोकांना सापडतील, २३ ची आधी. रुंदी ३३९५ लावून पडताळा. पण मधला भाग कोणाला द्यायचा, हे मला सांगता येणार नाही. आम्ही स्टुडिओत दोन्हीकडून कापून टाकायचो.

---

ठिपका | बुधवार, दुपारी १:५०

दोन्हीकडे ठेवायचा. २२ मध्येही तो बाबांच्या खिडकीतून आलेला उजेड आहे आणि २३ मध्येही.

---

न्यूजर्सीकर | बुधवार, संध्याकाळी ६:३०

ठेवला तर प्रत्येक फोटोच्या कडेला दुसऱ्याचं भूत दिसेल. मी एका अशा जोडीचा एकच लांब फोटो करून ठेवला आहे, दोन्ही चौकटी एकत्र, ७२ ला थोडे कमी मिलिमीटर. पण त्यात काय काय आहे त्यावर अवलंबून. २२ आणि २३ मध्ये काय आहे?

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:०५

२२ मध्ये आमच्या घराचं अंगण आहे, २३ मध्ये तेच अंगण, फक्त मधे आई येऊन उभी राहिलीय. चढलेल्या भागात तुळशीवृंदावन दोनदा आलंय. रविवारी पूर्ण पट्टी टाकते, मग सांगा.